व्हायवा संपली, दुरुस्त्या राहिल्या

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत परीक्षक बोलतात ओघात. दुरुस्ती, शंका, सल्ला सगळं एकाच वाक्यात येतं. समजा, प्रबंध सांगलीच्या ऊस उत्पादकांवर आहे. बाहेरचे परीक्षक म्हणतात, "शेतकरी कसे निवडलेत ते कळत नाही, आणि निष्कर्ष मात्र अख्ख्या महाराष्ट्राला लावलेत. जमलं तर सोलापूरशीही तुलना करा."

इथे दुरुस्त्या दोन आहेत, तीन नव्हेत. यादीत त्या अशा उतरतात:

१. प्रकरण ३: शेतकऱ्यांची निवड कशी केली, हे सांगणारा परिच्छेद घालणे. मुदत १० जून.
२. प्रकरण ६ व सारांश: निष्कर्ष सांगलीपुरते मर्यादित करणे. मुदत २० जून.

"जमलं तर" म्हणजे सूचना. ती यादीखाली वेगळी लिहावी. तीही सक्तीची धरली, तर विद्यार्थी नव्या सर्वेक्षणात अडकतो. दुसरी मुदत मुद्दाम नंतरची आहे, कारण निवडीची पद्धत स्पष्ट झाल्याशिवाय निष्कर्ष कुठवर ताणता येतात, ते ठरत नाही. अंतिम तारीख अध्यक्षांनाच विचारावी. "महिनाभरात" म्हणजे व्हायवेपासून की पत्र हाती पडल्यापासून, यावरूनच पुढे घोळ होतो. मधल्या तारखा मार्गदर्शकांशी बोलून ठरतात.

"पद्धती सुधारणे" असा मोघम मुद्दा निरुपयोगी, कारण तो पूर्ण झाला की नाही, हे तपासणार कसं? दोन परीक्षकांची मतं विरुद्ध असतील, तर विद्यार्थ्याने स्वतः निवाडा करू नये; अध्यक्षांकडून लेखी घ्यावा. यादी त्याच संध्याकाळी मार्गदर्शकांना दाखवून अध्यक्षांच्या मंजुरीसाठी पाठवावी.