सोनेरी उन्हातला बंगला: खारदांड्याच्या एका छायाचित्राचा हिशेब

बंगल्याच्या माहितीपत्रकावर ठरलेलं एक छायाचित्र असतं. दर्शनी भिंतीवर सोनेरी ऊन, पुढे हिरवळ, मागे केशरी आकाश आणि त्यात टेकलेला सूर्य. मुंबईच्या खारदांड्यात असं छायाचित्र खरं असूच शकत नाही. इथला समुद्र पश्चिमेला आहे. पश्चिमाभिमुख बंगल्याच्या तोंडावर संध्याकाळचं ऊन पडतं, तेव्हा छायाचित्रकाराची पाठ समुद्राकडे असते. मावळतीचे रंग त्याच्या मागे राहतात आणि बंगल्यामागे दिसतं ते पूर्वेचं फिकट निळं आकाश. पुढची भिंत उजळलेली आणि सूर्यही मागे असेल, तर आकाश दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलेलं आहे.

दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरने टिपलेले फोटो एकत्र करून त्याच क्षणाचं आकाश नीट दाखवणं ही फसवणूक नव्हे. कॅमेऱ्याला एकाच फोटोत उजळ आकाश आणि सावलीतला व्हरांडा दोन्ही झेपत नाहीत, म्हणून ते करावंच लागतं. दुसऱ्या गावचं आकाश लावणं मात्र वेगळं.

‘गोल्डन अवर म्हणजे सूर्यास्ताआधीचा तास’ हा समजही इथे लागू होत नाही. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवर असल्यापासून तो मावळेपर्यंत 25 ते 28 मिनिटं मिळतात. त्यातही समोर इमारत असेल तर हिशेब आणखी बदलतो. बंगल्यापासून 20 मीटरवर 12 मीटर उंचीची इमारत असेल, तर सूर्य 31 अंशांच्या खाली आला की तळमजला सावलीत जायला लागतो, म्हणजे सूर्यास्ताच्या दोन तासांहूनही आधी. हिरवळ इमारतीच्या आणखी जवळ असल्याने तिथली सावली त्याही आधीची. अशा घराचं खरं सोनेरी छायाचित्र म्हणजे वरच्या मजल्यावर ऊन आणि खाली सावली. घर घेणाऱ्याला रोजच्या संध्याकाळी तेच दिसणार आहे.

दिशेबरोबर महिनाही बघायचा. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. त्यामुळे दक्षिणाभिमुख भिंतीला डिसेंबरात तिरपं ऊन मिळतं, जूनच्या संध्याकाळी अजिबात नाही. पूर्वाभिमुख घरासाठी संध्याकाळ सोडून सकाळ गाठावी.

प्रमाणाबद्दलचा गैरसमज सर्वांत पक्का आहे. ‘वाइड लेन्स खोटं बोलते’ असं म्हणतात. पण प्रमाण ठरतं ते कॅमेरा कुठे उभा आहे त्यावरून. एक उदाहरण करून पाहू. घर 12 मीटर रुंद, पुढे 5 मीटर हिरवळ, कुंपण जाळीचं, कॅमेरा दीड मीटर उंचीवर. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याने घरापासून 6 मीटरवरून, म्हणजे फाटकाजवळून, घर पूर्ण रुंदीने मावायला 18 मिलिमीटरची लेन्स लागते. रस्ता ओलांडून 14 मीटरवर गेलं की तेवढीच रुंदी 42 मिलिमीटरमध्ये मावते. घर दोन्हीकडे सारख्याच आकाराचं. हिरवळीने मात्र पहिल्या छायाचित्रात चौकटीच्या उंचीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापला आणि दुसऱ्यात जेमतेम दहावा. गंमत म्हणजे पहिल्यात हिरवळीचे पावणेचार मीटरच दिसतात, दुसऱ्यात पुरे पाच! चार पावलांचं गवत मैदानासारखं दिसतं, ते असं.

म्हणून आधी मागे सरकावं, मग लेन्स निवडावी. खारदांड्याच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, हे खरंच आहे. तेव्हा समोरच्या घराच्या गच्चीवर परवानगी मागावी, किंवा घराचा काही भागच दाखवावा, आणि छायाचित्राखाली हिरवळीची लांबी-रुंदी लिहावी. कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकतात. त्या संगणकावर सरळ करताना घर उंच ताणलं जातं, म्हणून खिडकीची उंची-रुंदी प्रत्यक्ष मापाशी ताडून पाहावी.

हिरवळीचा रंग हा आणखी एक मोह. सोनेरी उन्हात गवत पिवळसर दिसतं, मे महिन्यात ते मुळातच सुकलेलं असतं. फोटो काढण्याआधी पाणी घालणं, स्कूटर आणि कचऱ्याचा डबा हलवणं यात गैर काही नाही. विजेचा खांब, शेजारचा टॉवर, समोर बोंबील सुकवायच्या काठ्या पुसणं मात्र चूक, कारण ते उद्याही तिथेच असणार. सुकलेल्या जागी हिरवा रंग भरणंही त्यातलंच.

‘फोटो कलात्मक असतो, त्याला कायदा लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 दाखवावं. विकासकाच्या जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या गोष्टीवर विसंबून आगाऊ रक्कम दिली आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहार सोडायचा ठरवला तर पूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. एकट्यादुकट्या मालकाच्या जुन्या बंगल्याच्या विक्रीला हे कलम लागू होत नाही. तिथे संध्याकाळी पाच वाजता स्वतः जाऊन फाटकासमोर उभं राहणं आणि टेपने हिरवळ मोजणं हाच खात्रीचा मार्ग.