कर्जमंजुरीचा निर्णयवृक्ष आणि फसवी शंभर टक्के अचूकता

निर्णयवृक्ष, म्हणजे डिसिजन ट्री, ही जुन्या नोंदींवरून एकापुढे एक प्रश्न रचण्याची पद्धत आहे. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर असते. त्या उत्तरानुसार अर्ज एका फांदीने किंवा दुसऱ्या फांदीने पुढे जातो आणि ज्या पानावर थांबतो, तिथे निर्णय लिहिलेला असतो. कोणता प्रश्न आधी विचारायचा हे माणूस ठरवत नाही, संगणक आकडेमोड करून ठरवतो. लिओ ब्रायमन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८४ साली पुस्तकरूपाने मांडलेली ‘कार्ट’ ही पद्धत आजही त्यासाठी सर्रास वापरली जाते.

ही आकडेमोड कशी चालते ते पाहण्यासाठी एका लहान पतसंस्थेच्या दहा जुन्या कर्जांचे कल्पित उदाहरण पुरेसे आहे. दहापैकी सहा कर्जे पूर्ण फिटली, चार बुडाली. प्रत्येक कर्जदाराबद्दल तीन गोष्टी नोंदलेल्या आहेत: सिबिल स्कोअर ७०० किंवा त्याहून जास्त होता का, मासिक उत्पन्न ४०,००० रुपयांपेक्षा जास्त होते का, आणि वय किती होते. (सिबिल स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. जितका जास्त, तितका परतफेडीचा इतिहास चांगला.)

पहिला प्रश्न निवडताना संगणक एकच गोष्ट तपासतो: या प्रश्नाने फिटलेली आणि बुडालेली कर्जे किती स्वच्छ वेगळी होतात? सरमिसळ मोजायला ‘गिनी’ नावाचा आकडा वापरतात. गटातल्या प्रत्येक प्रकाराच्या प्रमाणाचा वर्ग करायचा, ते वर्ग मिळवायचे आणि ती बेरीज एकातून वजा करायची. सगळी कर्जे एकाच प्रकारची असली तर उत्तर शून्य येते आणि निम्मी-निम्मी असली तर ०.५. मूळ दहा कर्जांत प्रमाण ०.६ आणि ०.४ आहे. वर्गांची बेरीज ०.३६ अधिक ०.१६, म्हणजे ०.५२ होते आणि गिनी ०.४८ येतो. सरमिसळ भरपूर आहे.

आता उत्पन्नाचा प्रश्न विचारून पाहू. जास्त उत्पन्नाच्या पाच जणांपैकी चौघांनी कर्ज फेडले आणि एकाने बुडवले, तर कमी उत्पन्नाच्या पाच जणांपैकी दोघांनी फेडले आणि तिघांनी बुडवले. या गटांचे गिनी अनुक्रमे ०.३२ आणि ०.४८ येतात. गट सारख्याच आकाराचे असल्यामुळे सरासरी ०.४०. सुधारणा झाली, पण किरकोळ. सिबिल स्कोअरच्या प्रश्नाने चित्र पालटते. ७०० किंवा जास्त स्कोअरच्या पाचही जणांनी कर्ज फेडलेले आहे, म्हणजे तिथला गिनी शून्य. त्याहून कमी स्कोअरच्या पाचांत चार बुडवणारे आणि एक फेडणारा, म्हणजे ०.३२. सरासरी ०.१६. वयाची कोणतीही मर्यादा घेतली तरी या नोंदींत सरासरी ०.४४ च्या खाली जात नाही. म्हणून पहिला प्रश्न स्कोअरचा ठरतो.

इथेच थांबले, तर वृक्षाला दोन पाने असतात: स्कोअर ७०० किंवा जास्त असेल तर कर्ज मंजूर, नसेल तर नामंजूर. दहापैकी नऊ उत्तरे बरोबर येतात. पण थांबायला सांगितले नसेल, तर संगणक थांबत नाही. कमी स्कोअर असूनही कर्ज फेडणारा तो एक माणूस अजून चुकीच्या पानावर आहे. त्या पाच जणांची वये २६, ३३, ३८, ४५ आणि ५२ आहेत आणि फेडणारा ३८ वर्षांचा आहे. संगणक ‘वय ३५.५ पेक्षा जास्त आहे का?’ असे विचारतो आणि जे त्यापुढचे आहेत त्यांना ‘वय ४१.५ पेक्षा जास्त आहे का?’ असे विचारतो. त्या दोन प्रश्नांनी ३८ वर्षांचा कर्जदार एकटा वेगळा पडतो. वृक्षाला आता चार पाने झाली आणि दहापैकी दहा उत्तरे बरोबर आली.

या दहापैकी दहाचा अर्थ मात्र नीट वाचायला हवा. वृक्षात आता एक नवा नियम आला आहे: स्कोअर कमी असला तरी वय ३६ ते ४१ असेल तर कर्ज द्या. या नियमामागे एका माणसाखेरीज काहीही नाही. कदाचित त्याला जमीन विकून पैसे मिळाले असतील, कदाचित भावाने हप्ते भरले असतील. नोंदीत ते कुठेच नाही. नोंदीत वय होते, म्हणून संगणकाने वयाला कारण मानले. ही घोकंपट्टी आहे, आणि यंत्रशिक्षणात तिलाच ओव्हरफिटिंग म्हणतात.

ती उघडी पाडायची, तर वृक्ष बांधताना न दाखवलेल्या नोंदी लागतात. समजा, अशी आणखी दहा पूर्ण झालेली कर्जे बाजूला ठेवलेली होती. जास्त स्कोअरच्या पाचांपैकी चार फिटली, एक बुडाले. कमी स्कोअरच्या पाचांपैकी चार बुडाली, आणि त्यांतले दोघे ३७ आणि ४० वर्षांचे होते. उरलेले एक २९ वर्षांच्या कर्जदाराने फेडले. दोन पानांचा वृक्ष इथे दहापैकी आठ उत्तरे बरोबर देतो. चार पानांचा वृक्ष ३७ आणि ४० वर्षांच्या दोघांनाही कर्ज मंजूर करतो आणि सहावर येतो. एकाची घसरण ९० टक्क्यांवरून ८० वर झाली, दुसऱ्याची १०० वरून थेट ६० वर. जुन्या आणि नव्या नोंदींवरच्या अचूकतेतली ही रुंद दरी हीच ओव्हरफिटिंगची खूण. या विषयाच्या स्लाइड्सवर हमखास दिसणारा आलेख हेच दाखवतो: वृक्ष जसजसा खोल होतो तसतशी शिकवलेल्या नोंदींवरच्या चुकांची रेषा उतरत जाते, तर बाजूला ठेवलेल्या नोंदींवरच्या चुकांची रेषा आधी उतरते आणि मग पुन्हा चढू लागते. प्रत्यक्षात ही तपासणी दहा नोंदींवर नव्हे, शेकडो-हजारो नोंदींवर करतात. दहांत एखादे कर्ज इकडचे तिकडे झाले तरी अचूकता दहा टक्क्यांनी हलते.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे वाढ आधीच रोखणे: खोली ठरावीक ठेवायची, किंवा प्रत्येक पानात किमान अमुक नोंदी हव्यात अशी अट घालायची. किमान दोन नोंदींची अट असती, तरी ३८ वर्षांच्या माणसाचे एकट्याचे पान तयारच झाले नसते. दुसरा उपाय छाटणीचा आहे. वृक्ष पूर्ण वाढू द्यायचा आणि मग प्रत्येक पानामागे थोडा दंड लावायचा. दंड ०.०६ धरला तर दोन पानांच्या वृक्षाचा हिशेब ०.१ चूक अधिक ०.१२ दंड, म्हणजे ०.२२ होतो. चार पानांच्या वृक्षाची चूक शून्य, पण दंड ०.२४. लहान वृक्ष जिंकतो आणि वयाची फांदी छाटली जाते. दंड ०.०४ केला तर हिशेब ०.१८ विरुद्ध ०.१६ असा उलटतो आणि फांदी राहते. म्हणून दंड मनाने ठरवत नाहीत. वेगवेगळे दंड लावून वेगळ्या नोंदींवर तपासतात, आणि अंतिम परीक्षेच्या नोंदींना तोवर हातही लावत नाहीत.

कर्जाच्या बाबतीत नुसती अचूकता मोजणेही अपुरे आहे. बुडवणाऱ्याला कर्ज देण्याची चूक आणि फेडणाऱ्याला नाकारण्याची चूक सारख्या किमतीच्या नसतात. संशोधनात वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या जर्मन कर्जनोंदींच्या संचात १,००० कर्जदार आहेत, त्यांतले ७०० चांगले आणि ३०० वाईट. त्या संचासोबतच पहिल्या चुकीला पाच आणि दुसरीला एक असे वजन दिलेले आहे.

एक मर्यादा मात्र छाटणीनेही जात नाही. ज्यांचे अर्ज पूर्वीच नाकारले गेले, त्यांनी कर्ज फेडले असते की नाही याची नोंद कोणत्याही पतसंस्थेकडे नसते. शिकवण्याच्या आणि तपासणीच्या दोन्ही नोंदी फक्त कर्ज मिळालेल्यांच्या असतात, त्यामुळे त्यांवरून काढलेली अचूकताही तेवढ्यांनाच लागू पडते.