पांढरी पूड, तिची तीन रूपं

टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड भिंतीच्या रंगातही असते आणि सनस्क्रीनमध्येही. रासायनिक पृथक्करण केलं, तर टायटॅनियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन, एवढंच कळतं. पण निसर्गात हे अणू तीन वेगवेगळ्या घड्या घालून बसलेले सापडतात: ॲनाटेज, रूटाइल आणि ब्रुकाइट. भट्टीतून बाहेर आलेली पूड यांतली कोणती, हे ठरवायला क्ष-किरण लागतात.

स्फटिकात अणूंचे थर ठरावीक अंतरावर असतात. त्यांवरून परतणारे किरण काही नेमक्या कोनांतच एकमेकांना बळ देतात. बाकी ठिकाणी ते एकमेकांना पुसून टाकतात. पुडीत असंख्य कण वाटेल तसे पडलेले असल्यामुळे प्रत्येक थरासाठी काही कण आपोआप योग्य कोनात सापडतात. शोधक फिरत जातो आणि आलेखावर एकामागून एक टोकदार शिखरं उमटतात.

समजा, ॲनाटेजची पूड ७०० अंश सेल्सिअसला तापवली आणि तांब्याच्या नळीतून येणारे, १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे किरण वापरले. सर्वांत उंच शिखर २५.३ अंशांवर आलं. ब्रॅगच्या सूत्रात या कोनाचा निम्मा, म्हणजे १२.६५ अंश घालायचा. थरांमधलं अंतर ३.५२ अँगस्ट्रॉम निघतं, आणि ॲनाटेजचं मुख्य अंतर तेच आहे.

इथेच थांबायचा मोह होतो, पण ब्रुकाइटचीही ठळक शिखरं याच जागेच्या आसपास येतात. म्हणून ३०.८ अंशांवर पाहायचं. तिथे ब्रुकाइटचं शिखर यायला हवं. आपल्या आलेखात ती जागा सपाट आहे. उलट ॲनाटेजची ३७.८ आणि ४८.० अंशांवरची शिखरं मात्र हजर आहेत. शिवाय २७.४ अंशांवर एक बुटकं शिखर दिसतं. ते रूटाइलचं असेल, तर ३६.१ आणि ४१.२ अंशांवरही खुणा हव्यात. त्या आहेत. म्हणजे तापवताना पुडीचा काही भाग रूटाइल झाला. संगणक संदर्भसंचातल्या नोंदींशी ही जुळवाजुळव क्षणात करतो, पण कुठलं शिखर जुळलं नाही, हे माणसानेच पाहिलेलं बरं.

नमुना साच्यात जरा उंच बसला, तर शिखरं मोठ्या कोनाकडे सरकतात; ०.१ मिलिमीटरचा फरकही पुरतो. म्हणून पुडीत थोडं शुद्ध सिलिकॉन मिसळतात, त्याची शिखरं कुठे यावीत हे पक्कं ठाऊक असतं. तरंगलांबीही अहवालात लिहायलाच हवी: कोबाल्टची नळी असेल, तर ॲनाटेजचं तेच शिखर २९.५ अंशांच्या आसपास येतं.

आणि अस्फटिक भाग? त्याचा फक्त पसरट फुगवटा दिसतो. एखाद्या टक्क्याइतकं रूटाइल तर पार्श्वभूमीच्या खडबडीत सहज हरवतं. त्यामुळे २७.४ अंशांवर काहीच दिसलं नाही, तर अहवालात ‘रूटाइल नाही’ असं न लिहिता ‘या मोजणीत रूटाइल आढळलं नाही’ असं लिहावं.