प्लेट लोड टेस्ट म्हणजे काय? फूटभर प्लेटचा निकाल अख्ख्या पायाला का लावता येत नाही?

शीव कोळीवाड्यात, म्हणजे आजच्या गुरू तेग बहादूर नगर परिसरात, फाळणीनंतर निर्वासितांसाठी उभारलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाचा विषय बरीच वर्षे चर्चेत आहे. जुन्या, कमी उंचीच्या इमारतींच्या जागी टॉवर येणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो जमिनीचा. ही जमीन किती भार पेलेल? याचं उत्तर शोधण्याचा एक जुना मार्ग म्हणजे प्लेट लोड टेस्ट. पण तिचा आकडा नीट वाचला नाही, तर तोच दिशाभूल करतो.

चाचणी कशी होते?

पाया जितक्या खोलीवर येणार, तितका खड्डा खणतात. खड्ड्याची रुंदी प्लेटच्या किमान पाचपट ठेवतात. तळाशी जाड पोलादी प्लेट सपाट बसवतात. भारतीय मानक आयएस १८८८ नुसार ही प्लेट ३० ते ७५ सेंटिमीटरची असते. वर वाळूच्या गोण्यांचं किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांचं वजन रचतात आणि त्याच्या आधाराने हायड्रॉलिक जॅक प्लेटला खाली दाबतो.

भार टप्प्याटप्प्याने वाढवतात. प्रत्येक टप्प्यावर प्लेट किती खचली, हे डायल गेज दाखवतात. खचण्याचा वेग मिनिटाला ०.०२ मिलिमीटरच्या खाली आला की पुढचा टप्पा. शेवटी भार आणि खचण यांचा आलेख काढतात.

मग अडचण कुठे आहे?

आपण गादीवर एक बोट दाबलं तर फक्त वरचा कापूस दबतो. तळहात टेकवून तितक्याच दाबाने रेटलं, तर गादी खोलवर दबते. जमिनीचंही तसंच आहे. भाराचा लक्षणीय परिणाम साधारण त्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत पोहोचतो. ३० सेंटिमीटरची प्लेट जेमतेम ६० सेंटिमीटर माती तपासते. दोन मीटर रुंदीचं फूटिंग चार मीटर खोलवरच्या मातीला कामाला लावतं.

वरपासून खालपर्यंत माती एकसारखी असेल, तर हा फरक सूत्राने भरून काढता येतो. वाळूसाठी वेगळं सूत्र आहे, चिकणमातीसाठी वेगळं. पण माती थरांची असेल, तर प्लेट ज्या थरापर्यंत पोहोचलीच नाही, त्याची माहिती कोणतंही सूत्र देऊ शकत नाही.

शीवची जमीन कशी आहे?

'शीव' म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. शीवच्या किल्ल्याची टेकडी बेसाल्टची, तर वडाळा आणि माहूलच्या दिशेला खाडी, खारफुटी आणि मिठागरं. अशा भागात टेकडीजवळ खडक वर असतो आणि खाडीकडे तो खोल जातो. मधे अनेक ठिकाणी वर माणसाने टाकलेला भराव, त्याखाली खाडीची मऊ काळी चिकणमाती, मग मुरूम आणि शेवटी खडक अशी रचना सापडते.

एक हिशेब करून पाहू

पुढचे आकडे एखाद्या ठरावीक प्लॉटचे नाहीत, पण अशा जमिनीला साजेसे आहेत. समजा, वरचे दोन मीटर घट्ट भराव आहे, त्याखाली अडीच मीटर मऊ चिकणमाती आणि पाणी दीड मीटरवर लागतं. फूटिंग दोन मीटर बाय दोन मीटरचं, एक मीटर खोलीवर. त्यावर दाब येणार चौरस मीटरला १५ टन, म्हणजे एकूण ६० टन. ३० सेंटिमीटरच्या प्लेटवर तेवढाच दाब आणायला फक्त १.३५ टन पुरतात.

चाचणीत या दाबाला प्लेट ५ मिलिमीटर खचली. वाळूचं सूत्र सांगतं की फूटिंग साधारण तिप्पट, म्हणजे १५ मिलिमीटर खचेल. चिकणमातीचं सूत्र रुंदीच्या प्रमाणात वाढवतं, म्हणजे ३३ मिलिमीटर. एकच नोंद आणि दोन उत्तरं! भराव मुरुमाचा दिसतो म्हणून अहवालात १५ चा आकडा येतो आणि सगळे निश्चिंत होतात.

आता चिकणमातीच्या थराच्या मध्यावर काय होतं ते पाहा. खाली जाताना भार पसरत जातो. प्लेटमुळे तिथे वाढणारा दाब चौरस मीटरला जेमतेम ०.२ टन, तर फूटिंगमुळे ३.३ टन. त्या चिकणमातीवर वरच्या मातीचा मूळ दाबच सुमारे ३.८ टन असतो. म्हणजे फूटिंग तो जवळपास दुप्पट करतं. मुंबईच्या खाडीच्या मऊ चिकणमातीला शोभेल अशी दबण्याची क्षमता धरली, तर हा थर एकटाच सुमारे १७ सेंटिमीटर खचतो. अहवालातला आकडा होता दीड सेंटिमीटर.

हे चाचणीत का दिसत नाही?

पहिलं कारण खोली, दुसरं वेळ. चिकणमाती दबायची तर तिच्या सूक्ष्म पोकळ्यांमधलं पाणी बाहेर पडावं लागतं आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात. चाचणी फार तर काही दिवसांत संपते. त्यामुळे प्लेट थेट चिकणमातीवर ठेवली, तरी ती दीर्घकालीन खचण दाखवत नाही.

तिसरं कारण शेजार. इमारतीत फूटिंगं जवळजवळ असतात आणि खोलवर त्यांचे भार एकमेकांत मिसळतात. एकट्या प्लेटला शेजारी नसतो.

सगळी इमारत सारखीच खचली, तर निदान भिंती वाचतात. खरा धोका असमान खचण्याचा. एक खांब टेकडीकडच्या मुरुमावर आणि दुसरा खाडीकडच्या चिकणमातीवर असेल, तर बीम वाकतात, दारं अडकतात, भिंतींवर तिरक्या भेगा पडतात.

मग ही चाचणी निरुपयोगी आहे का?

नाही. खोलवर एकसारखा मुरूम किंवा झिजलेला खडक असेल, भराव नीट धुम्मस केला आहे का हे बघायचं असेल, किंवा रस्त्याखालचा थर तपासायचा असेल, तर ती उपयोगी पडते. मात्र तिच्यासोबत बोअरहोल हवं. त्यातून मऊ थर सापडला, तर न विस्कटलेला नमुना प्रयोगशाळेत नेऊन संघनन चाचणी करावी लागते. १७ सेंटिमीटरसारखा आकडा तिथून कळतो. अशा ठिकाणी सहसा पाइल खडकापर्यंत नेतात. नुसतं फूटिंग रुंद करणं हा हमखास उपाय नाही, कारण रुंदी वाढली की भार आणखी खोल पोहोचतो.

रहिवाशांनी अहवालात काय पाहावं?

प्लेट किती मोठी होती आणि प्रत्यक्ष पाया किती रुंद आहे, हे आधी पाहा. मग पायाच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत बोअरहोलची नोंद आहे का ते तपासा. त्या नोंदीत 'मरीन क्ले' किंवा 'सॉफ्ट क्ले' असे शब्द असतील आणि खचणीचा हिशेब मात्र फक्त प्लेटवरून केलेला असेल, तर सल्लागाराला लेखी विचारा: या थराची खचण कुठे मोजली आहे? पाण्याची पातळीही पाहा. उन्हाळ्यात कोरड्या खड्ड्यात केलेली चाचणी पावसाळ्यातल्या भिजलेल्या जमिनीपेक्षा चांगला निकाल देते.