‘क्लिअर’ झालेलं बिल आणि परत आलेले पैसे

फोन अठ्ठावन्नाव्या दिवशी आला. भोसरीतल्या एका लहान मशीन शॉपचे मालक होते. आम्हाला सुटे भाग पुरवायचे. आवाज चढलेला नव्हता, उलट संकोचलेला होता. “मॅडम, दोन बिलं राहिलीत आपली. कामगारांचे पगार तोंडावर आलेत म्हणून विचारतो.” मी लगेच सिस्टीम उघडली, त्यांचं खातं काढलं आणि म्हणाले, “काका, आमच्याकडे दोन्ही बिलं क्लिअर दाखवताहेत. सतरा दिवस झाले पेमेंट होऊन.” ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “मग पुन्हा एकदा पासबुक बघतो.”

पासबुक त्यांचं बरोबर होतं. चूक आमच्याकडे होती. ती समजून घ्यायची तर कंपनीतून पैसे बाहेर कसे पडतात, ते आधी पाहायला हवं.

शेकडो पुरवठादार असलेली कंपनी एकेक चेक लिहीत बसत नाही. ईआरपीमध्ये बिलं नोंदवलेली असतात. प्रत्येक बिलाला पैसे देण्याची मुदत असते आणि पुरवठादाराच्या मास्टरमध्ये त्याचा बँक खाते क्रमांक व आयएफएससी असतो. ठरलेल्या दिवशी पेमेंट रन चालवायची. आम्ही सॅप वापरतो, त्यात ती `F110` या स्क्रीनवरून चालते. तिला तुम्ही सांगायचं, आजची तारीख ही, पुढची रन अमुक तारखेला. मग ती पुढच्या रनपर्यंत मुदत संपणारी सगळी बिलं आजच उचलते, कारण आज सोडली तर पुढच्या खेपेपर्यंत ती उशिरात जातील. आधी प्रपोजल, म्हणजे कच्ची यादी तयार होते. खाते क्रमांक नसलेले, पेमेंट ब्लॉक लागलेले पुरवठादार तिथे वेगळे पडतात. माणूस यादी पाहतो, काही बिलं मागे ठेवतो आणि मग पक्की रन देतो.

पक्की रन दिली की दोन गोष्टी घडतात, आणि सगळी गोम त्यांच्यात आहे. एक म्हणजे बँकेसाठी फाइल तयार होते. दुसरी म्हणजे हिशेबात नोंद पडते. पुरवठादाराच्या खात्यावर बिल मिटतं आणि तेवढी रक्कम ‘बँकेकडे पाठवलेली’ अशा एका मधल्या खात्यात जमा दिसते. म्हणजे सिस्टीमच्या दृष्टीने बिल मिटलं, ते फाइल बँकेत पोचायच्याही आधी. ‘क्लिअर’ याचा अर्थ ‘आम्ही पाठवायचं ठरवलं’ एवढाच असतो. ‘त्यांना मिळालं’ हे सिस्टीमला ठाऊक नसतं. मी काकांना जे सांगितलं ते म्हणूनच खरं असूनही खोटं होतं.

फाइल मात्र अगदी साधी असते. एका ओळीत एक पेमेंट. बँकेगणिक रचना बदलते, पण आमची ओळ साधारण अशी होती:

```
N|0000104512|1234567890123450|ABCD0001234|436500.00|2000004417
```

‘एन’ म्हणजे एनईएफटी. मग आमच्याकडचा पुरवठादार कोड, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम आणि शेवटी आमचा पेमेंट क्रमांक. (खाते क्रमांक आणि आयएफएससी इथे अर्थातच बदलले आहेत.) दोन लाख अठ्ठेचाळीस हजारांचं एक आणि एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशेचं एक, अशी दोन बिलं मिळून ही एक रक्कम. फाइलच्या शेवटी एकूण ओळी आणि एकूण बेरीज असते, ती जुळली नाही तर बँक अख्खी फाइल परत करते. आमची जुळली. बँकेत एकाने टाकली, दुसऱ्याने मंजूर केली आणि पैसे खात्यातून गेले.

आता त्या ओळीतला खाते क्रमांक पाहा. सोळा अंकी आहे आणि शेवटचा अंक शून्य. काकांच्या खात्याचा शेवटचा अंक सहा होता.

महिन्याभरापूर्वी त्यांनी बँक बदलली होती. नव्या खात्याचा रद्द केलेला चेक त्यांनी पाठवला, आमच्या माणसाने त्यावरून तपशील एक्सेलच्या शीटमध्ये टाकला आणि शीट मास्टरमध्ये चढवली. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. रकाना ‘टेक्स्ट’ केलेला नसेल तर हे मुकाट्याने होतं, कुठे लाल खूण येत नाही. आपल्याकडे अकरा, तेरा, चौदा अंकी खाती पुष्कळ असल्याने ही खोड वर्षानुवर्षं लपून राहते आणि सोळा अंकी खात्याची बँक आली की बाहेर पडते. तपासणाऱ्याने तपासलं होतं, पण मास्टर शीटशी ताडून. दोन्हीकडे शून्यच होतं. चेकचा फोटो बाजूला जोडलेला तसाच राहिला.

एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. फाइलमध्ये नाव असलं तरी समोरची बँक ते जुळवून पाहीलच असं नाही. त्या क्रमांकाचं खातंच अस्तित्वात नसेल तर पैसे परत पाठवायचे. बॅच संपल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमचे पैसे त्याच दुपारी परत आले. मला आजही वाटतं की त्या दिवशी आमचं नशीब थोर. चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाच्या चालू खात्याचा निघाला असता तर पैसे परत आलेच नसते. मग बँकेला पत्रं लिहून अनोळखी माणसाच्या संमतीची वाट पाहत बसावं लागलं असतं.

मग सतरा दिवस कुणालाच का कळलं नाही? परत आलेली रक्कम आमच्या बँक स्टेटमेंटमध्ये ‘जमा’ म्हणून आली. सोबत एक यूटीआर क्रमांक आणि ‘रिटर्न’ची त्रोटक खूण, पुरवठादाराचं नाव नाही. स्टेटमेंट सिस्टीममध्ये रोज आपोआप चढतं. जमा रकमा ग्राहकांकडून येतात असं तिला शिकवलेलं. चार लाख छत्तीस हजार पाचशेचं बिल असलेला ग्राहक सापडेना, म्हणून तिने ती रक्कम ‘ओळख न पटलेल्या जमा’ या खात्यात टाकली. वसुली विभागातली एक मुलगी तेवढे दिवस ग्राहकांना फोन करून विचारत होती, हे पैसे तुम्ही पाठवलेत का. आम्ही दोघी एकाच मजल्यावर बसतो.

बँक या परत आलेल्या पेमेंटांची वेगळी फाइलही देते. तिला आपल्याकडे रिव्हर्स एमआयएस म्हणतात. आमच्या पेमेंट क्रमांकासमोर यूटीआर, स्थिती आणि परतीचं कारण असा सगळा तपशील त्यात असतो. ती रोज मेलवर येत होती. सकाळच्या मेलमध्ये सगळी पेमेंट ‘यशस्वी’ असत, म्हणून संध्याकाळचा मेल कुणी उघडत नसे. सकाळी यशस्वी असलेलं पेमेंट दुपारी परत येऊ शकतं, हे आमच्या कामाच्या पद्धतीत कुठेच नव्हतं.

चूक सापडल्यावर घाई करायची नाही, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. मी पहिल्यांदा त्या पुरवठादाराला पेमेंट ब्लॉक लावला. बिलं उघडली आणि ब्लॉक नसला, तर पुढची रन ती उचलून त्याच चुकीच्या खात्यात पुन्हा पाठवणार. त्यानंतर पैसे खरोखर परत आलेत हे स्टेटमेंटमधल्या यूटीआरवरून पक्कं केलं. नुसत्या फोनवर विसंबून बिल उघडलं आणि पैसे प्रत्यक्षात पोचलेले निघाले, तर दुप्पट पैसे जातात. चांगल्या माणसांच्या हातूनही असं झालेलं मी पाहिलं आहे.

मग नोंद. इथे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. बँकेने ओळ दारातच नाकारली असेल, समजा आयएफएससी बंद झालेला आहे, तर पैसे खात्यातून गेलेच नाहीत. अशा वेळी पेमेंटची नोंद सरळ उलटवायची. आमच्या बाबतीत मात्र पैसे गेले होते आणि आले होते, स्टेटमेंटमध्ये दोन्ही ओळी होत्या. म्हणून मी `FBRA` मधून फक्त बिल आणि पेमेंटची जोडणी सोडवली, पेमेंटची नोंद तशीच राहू दिली. दोन्ही बिलं पुन्हा उघडी झाली. मग पैसे परत आल्याची वेगळी नोंद केली. ओळख न पटलेल्या खात्यातून रक्कम काढली, पुरवठादाराच्या नावे जमा केली आणि ती जुन्या पेमेंटशी जुळवली. पुढे कुणी हे खातं उघडलं तर पैसे कधी गेले, कधी परत आले हे त्याला दिसेल.

बिलांवर मूळ तारीख कायम असते, त्यामुळे उघडताच ती मुदतीबाहेर दिसली. लहान उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आमची रन एक्केचाळिसाव्या दिवशी झाली होती, म्हणजे कागदावर आम्ही वेळेत होतो. २०२३च्या वित्त कायद्याने तर मुदतीत न दिलेली रक्कम खर्च म्हणून दाखवायची परवानगी प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षापर्यंत पुढे ढकलली आहे. आमचं हे जानेवारीत घडलं. मार्चअखेरीस घडलं असतं आणि एप्रिलमध्ये सापडलं असतं, तर ‘क्लिअर’ या शब्दावर विसंबून आम्ही विवरणपत्रही चुकीचं भरलं असतं.

नवा क्रमांक यावेळी चेकवरून टंकला, दुसऱ्याने चेक हातात घेऊन वाचला आणि बँकेच्या पोर्टलवर खातेदाराचं नाव पाहून घेतलं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही नाव पाहण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. मग ब्लॉक काढला आणि साठाव्या दिवशी पैसे पाठवले. व्याजाची रक्कम वेगळी काढून दिली. ते नको म्हणत होते.

त्याच संध्याकाळी मी मास्टरमधली शून्यावर संपणारी सगळी सोळा-सतरा अंकी खाती काढली. दहातलं एखादं खातं तसंही शून्यावर संपणारच, म्हणून प्रत्येकाचा चेक उघडून पाहिला. त्या शीटमधली चार निघाली. एकाचं शून्य खरं होतं. उरलेली तिघं अजून कुठल्या रनमध्ये आली नव्हती, त्यातल्या एकाचं बिल पुढच्या शुक्रवारी होतं. आता रिव्हर्स एमआयएस सकाळी आणि संध्याकाळी मी आणि वसुलीतली ती मुलगी एकत्र बसून वाचतो.