‘बघते सर’ नको, ‘घेता येणार नाही’ लिहा

मार्च महिना लागला की गटांची पुस्तकं लिहिणाऱ्या आपल्या बुककीपर ताईंना मान वर करायला वेळ नसतो. ३१ मार्चला वर्ष संपतं, प्रत्येक गटाचा ताळेबंद द्यायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच वरून एखादं जादा काम येतं. सांगणारे आपले वरिष्ठ असतात. मग ताई ‘बरं सर’ म्हणून मोकळ्या होतात, नाहीतर निरोप वाचून गप्प बसतात. गप्प बसणं म्हणजे होकार, असंच समोरचा धरतो.

अशाच एका ताईंना त्यांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. शेजारच्या गावातल्या सहा गटांच्या बुककीपरने काम सोडलं आहे, त्या गटांची पुस्तकं ३१ मार्चपर्यंत पूर्ण करून द्यावीत. तारीख होती १० मार्च. ताईंनी उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी आम्हाला दाखवलं. त्यांच्या परवानगीने, गावाची आणि माणसांची नावं वगळून, ते इथे वाचून दाखवतो.

“नमस्कार सर, सॉरी सर, रागावू नका. तुमचा मेसेज मिळाला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि मुलीची दहावीची परीक्षा चालू आहे. माझ्याकडे आधीच खूप काम आहे. मागच्या वर्षी पण मीच जादा गट केले, त्याचं मानधन अजून मिळालं नाही. दर वेळी मलाच सांगता. तरी पण बघते सर, जमलं तर करते. चुकलं असेल तर माफ करा.”

यातला एकही शब्द खोटा नाही. पण व्यवस्थापकांच्या जागी बसून वाचा. त्यांच्यापुढे बुककीपर नसलेले सहा गट आहेत आणि त्यांना एकच गोष्ट हवी आहे, त्या गटांपुढे लिहायला एक नाव. एवढ्या मजकुरातून ते ‘बघते सर, जमलं तर करते’ तेवढं उचलतील आणि ताईंचं नाव लिहून टाकतील. महिनाअखेरीला पुस्तकं अपुरी निघाली तर ‘तुम्ही हो म्हणाला होतात’ हे ऐकायला ताईच पुढे. सहा गटांचंही नुकसानच, कारण ‘बघते’ म्हटल्यामुळे त्यांच्यासाठी दुसरं माणूस शोधायचं राहून जातं.

निरोपाला हात लावण्याआधी आम्ही ताईंना त्यांचं नेमणूक पत्र आणायला सांगितलं. ही पायरी कुणी गाळू नये. जे काम पत्रात आपल्या नावावर आहे, ते जादा काम नव्हेच. त्याला नकार देता येत नाही, फार तर मुदत वाढवून मागता येते. ताईंच्या पत्रात तेरा गट आणि ग्रामसंघ एवढंच होतं. ते सहा गट कुठेच नव्हते. म्हणजे नकाराला जागा होती.

मग दिवस मोजले. ११ ते ३१ मार्च हे एकवीस दिवस. त्यातले तीन रविवार गेले, ग्रामसंघाच्या बैठकीचा एक आणि बँकेत जाण्याचा एक असे आणखी दोन गेले. उरले सोळा. ताईंच्या हाताला एका गटाच्या वर्षअखेरीला एक दिवस लागतो. रोकडवहीतली शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळवायची, प्रत्येक सदस्येच्या बचतीची आणि कर्जाची बेरीज खातेवहीशी लावून पाहायची, मग जमाखर्च आणि ताळेबंद. दहा रुपयांचा फरक निघाला तर तो शोधण्यात अर्धा दिवस जातो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेरा गटांचे तेरा दिवस, ग्रामसंघाच्या पुस्तकांचे दोन, झाले पंधरा. हातात राहिला एक दिवस. आणि त्या सहा गटांची पुस्तकं डिसेंबरपासून लिहिलेलीच नव्हती. गटाला दोन दिवस धरले तरी बारा होतात.

‘माझ्याकडे आधीच खूप काम आहे’ या वाक्याचा असा हिशेब झाला. ‘खूप काम’ तर व्यवस्थापकांनाही असतं, त्यावर ते ‘सगळ्यांनाच आहे हो’ म्हणतील. सोळातले पंधरा दिवस भरलेत, यावर तसं म्हणता येत नाही.

आता खोडाखोड. सासूबाई आणि मुलीची परीक्षा आधी काढली. ताईंना ते आवडलं नाही, खरं कारण तर तेच आहे म्हणाल्या. खरं आहेच. पण घरचं कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय सुचवतो. ‘परीक्षा संपली की करा’, ‘दुपारी दोन तास बसा’. शिवाय घरात अडचण नसती तरी हे काम सोळा दिवसांत बसलं नसतं. मग अडचण कामाचीच सांगावी.

मानधनाचं वाक्यही काढलं, पण टाकून दिलं नाही. ते वेगळ्या निरोपात, वेगळ्या दिवशी, गटांची संख्या आणि महिने लिहून मागायचं ठरलं. एकाच निरोपात दोन्ही आलं की नकार हा सौदा वाटतो. ‘मानधन काढतो, तुम्ही काम घ्या’ असं उत्तर आलं असतं तर ताईंना बोलायला तोंड उरलं नसतं. ‘दर वेळी मलाच सांगता’ हे तर भांडणाचं वाक्य. वाचणारा त्यालाच उत्तर देत बसतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

‘सॉरी’, ‘रागावू नका’, ‘माफ करा’ हे तिन्ही गेलं. आपल्या बायकांना माफी म्हणजेच नम्रता वाटते, पण माफी चुकीची मागतात आणि इथे चूक झालेली नाही. मराठीत मान द्यायला ‘आपला निरोप’, ‘आपण व्यवस्था करावी’, ‘ही विनंती’ एवढं पुरतं. उलट बाजूला, ‘सविनय सादर करण्यात येते की’ असली सरकारी भाषाही नको. त्यात नकार सापडेपर्यंत वाचणारा दमतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘नाही’ कसं लिहायचं यात. ‘मी हे काम करणार नाही’ लिहिलं तर उद्धटपणा वाटतो, जणू हट्टच धरला आहे. ‘जमेल असं वाटत नाही’ लिहिलं तर दार उघडंच राहतं. ‘हे काम होणार नाही’ यात कोण नाही म्हणतंय तेच कळत नाही. शेवटी ठरलं, ‘हे काम मला घेता येणार नाही.’ मान राहतो, आणि अर्थ एकच निघतो. ताईंनी आधी ‘या महिन्यात घेता येणार नाही’ असं लिहिलं होतं. आम्ही विचारलं, एप्रिलमध्ये घ्याल का? नाही म्हणाल्या, त्या गावाला जायला सोयीची एसटी नाही. मग ‘या महिन्यात’ खोडलं, नाहीतर १ एप्रिलला तोच निरोप परत आला असता.

हातातला एक दिवस द्यायचा का, हे ताईंवर सोडलं. त्या गटांतल्या बायकाही आपल्यासारख्याच, म्हणून त्यांनी तो द्यायचं ठरवलं. दिला नसता तरी निरोप पुरा झाला असता. मात्र देऊ केलेल्या मदतीला कुंपण घालावं लागतं, नाहीतर एका दिवसाचे चार होतात. तयार झालेला निरोप असा:

“नमस्कार सर,
शेजारच्या गावातील ६ गटांची पुस्तके ३१ मार्चपर्यंत पूर्ण करण्याबाबत आपला निरोप मिळाला. हे काम मला घेता येणार नाही.
माझ्या नेमणूक पत्रातील १३ गट आणि ग्रामसंघ यांच्या ताळेबंदाला महिनाअखेरपर्यंतच्या १६ दिवसांपैकी १५ दिवस लागणार आहेत. त्या ६ गटांना किमान १२ दिवस लागतील. दोन्ही कामे घेतली तर दोन्हीकडचे हिशेब अपुरे राहतील.
आपण ज्या ताईंना नेमाल, त्यांना एक दिवस बसून एका गटाची पुस्तके कशी पूर्ण करायची ते मी दाखवेन. त्या एका दिवसापलीकडे मला वेळ देता येणार नाही.
या गटांसाठी आपण दुसरी व्यवस्था करावी, ही विनंती.”

खाली ताईंचं नाव. ‘नाही’ दुसऱ्याच वाक्यात आलं आहे, पहा. तो आम्ही मुद्दाम वर ठेवला, कारण फोनवर निरोपाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात. निरोप पाठवला तो व्यवस्थापकांच्या स्वतःच्या नंबरवर. सगळ्यांच्या ग्रुपवर नकार लिहिला की तो चारचौघांत केलेला अपमान होतो, आणि मग वरिष्ठही हट्टाला पेटतात. आवाजाचा निरोप पाठवण्याचा मोहही टाळा. बोलताना आपण घसरतो, शेवटी ‘बघते’ येतंच.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “अहो ताई, एवढं कराच, तुमच्यासारखे हिशेब तालुक्यात कुणाचे नाहीत.” कौतुकापुढे टिकणं रागावण्यापुढे टिकण्यापेक्षा अवघड असतं, असं आमचं मत आहे. ताईंनी फोन घेताना निरोपाचा कागद समोर ठेवला होता. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही विश्वास ठेवता याचं बरं वाटतं. पण काम मला घेता येणार नाही. एक दिवस शिकवायला येते, तेवढं नक्की.” नवीन कारण दिलं नाही, कारण प्रत्येक नव्या कारणाबरोबर नवा वाद सुरू होतो. फोन ठेवल्यावर त्यांनी लगेच दोन ओळी पाठवल्या: “आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे ६ गटांचे काम मी घेतलेले नाही. शिकवण्याचा दिवस आपण कळवावा.” फोनवरचं बोलणं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही, लिहिलेलं राहतं.

आणि वरिष्ठांनी ‘हा आदेश आहे’ म्हटलं तर? तेव्हा नकारच परत परत लिहिण्यात अर्थ नाही. दोन्ही कामं सोळा दिवसांत बसत नाहीत, तर कोणतं मागे ठेवायचं हे ठरवणं आता त्यांचं काम आहे. ते ओझं आदराने त्यांच्याकडे द्यायचं. त्यासाठी ताईंना आम्ही हे वाक्य लिहून दिलं होतं: “सर, हे काम करायचे झाल्यास माझ्या १३ गटांपैकी कोणत्या गटांचे ताळेबंद ३१ मार्चनंतर दिलेले चालतील, ते कृपया लेखी कळवावे.” ते पाठवायची वेळ आली नाही. सहा गटांसाठी त्याच गावातल्या एका बारावी झालेल्या मुलीला नेमलं, आणि ताई ठरल्याप्रमाणे एक दिवस जाऊन तिला शिकवून आल्या.