चाळणीची पारख : सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रांचे मोजमाप

तराजू आणि वजने ठरावीक मुदतीने पडताळून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो, हे आपणा व्यापाऱ्यांस सांगावयास नको. परंतु रवा, मैदा, बेसन यांच्या सौद्यांत मालाची बारीकी ज्या चाळणीवर ठरते, त्या चाळणीची पारख कशी होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. चौकटीवरील पितळी पट्टीवर ‘५०० मायक्रॉन’ असे कोरलेले असले म्हणजे छिद्र ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती पट्टी केवळ नाव सांगते. प्रत्यक्ष माप तारांच्या विणीत असते, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

गतवर्षी बेळगावच्या रविवार पेठेत एका जाड्या रव्याच्या सौद्यावरून हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. करार असा होता की, १०० ग्रॅम नमुना ५०० मायक्रॉनच्या चाळणीवर पाच मिनिटे हलविला असता शेकडा १० हून अधिक माल खाली पडू नये. पडल्यास गाडी परत करण्याचा हक्क खरीददारास राहील. २०० पोत्यांची गाडी आली. गिरणीच्या चाळणीतून शेकडा ९ माल खाली पडला, आमच्या चाळणीतून ११, आणि मध्यस्थ दलालांच्या चाळणीतून १२. नमुना एकच, तिन्ही पट्ट्यांवर आकडा एकच, आणि निकाल तीन. गाडी दोन दिवस उभी राहिली. अनेक वर्षांचे खाते तुटण्याची वेळ आली, तेव्हा मालाचा वाद बाजूस ठेवून तिन्ही चाळण्या प्रयोगशाळेत पाठवाव्या असे उभयपक्षी ठरले. तेथे आम्ही स्वतः उपस्थित होतो. तेथील रीत पुढे देत आहोत.

प्रथम चाळणी मऊ कुंचल्याने झाडून स्वच्छ करतात, कारण छिद्रात अडकलेला कण मापात तारेसारखाच दिसतो. नंतर ती सारख्या प्रकाशाच्या पडद्यापुढे धरून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. सुरकुती, तुटलेली तार, विणीतील चूक, चौकटीजवळ सुटलेला सांधा हे दोष येथेच दिसतात. असा उघड दोष आढळल्यास पुढे मोजण्याचे कारणच उरत नाही. चाळणी नापास होते.

यानंतर सूक्ष्मदर्शकाचे काम. चाळणी मंचावर ठेवून खालून उजेड सोडतात. त्यामुळे तारा काळ्या आणि छिद्रे पांढरी दिसतात. नेत्रभिंगात शंभर भागांची बारीक पट्टी असते. परंतु तिचा एक भाग म्हणजे किती मायक्रॉन, हे वस्तुभिंगावर अवलंबून असते. म्हणून आधी मंचावर काचेची प्रमाणपट्टी ठेवतात. तीवर एका मिलिमीटरचे शंभर समान भाग कोरलेले असतात. आमच्या वेळी नेत्रभिंगातील शंभर भाग प्रमाणपट्टीच्या बरोबर एका मिलिमीटरवर बसले. म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा झाला. ही पायरी गाळल्यास सर्व वाचने सारख्याच प्रमाणात चुकतात, आणि शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी ती चूक निघत नाही. पट्टीत शेकडा २ ची चूक असेल, तर ५०० चे छिद्र १० मायक्रॉनने खोटे दिसेल.

छिद्र चौकोनी असले तरी ते कोठेही मोजून चालत नाही. कोपऱ्याशी तारा एकमेकींवरून वळतात, म्हणून समोरासमोरच्या दोन तारांच्या मध्यभागांमधील अंतर घेतात. कापडाप्रमाणे या जाळीसही ताणा आणि बाणा असतो. विणताना ताणा ताणलेला राहतो आणि बाणा एकेक करून ठोकला जातो, त्यामुळे दोन्ही दिशांची छिद्रे सारखी असतीलच असे नाही. सबब दोन्ही दिशांची मापे निराळी घेतात आणि निराळीच ठेवतात. आमच्या प्रत्येक चाळणीवर प्रत्येक दिशेने शंभर छिद्रे मोजली गेली, तीही मध्यातील व कडेची मिळून. त्याशिवाय सगळी जाळी ओळीओळीने नजरेखालून घालून, मोठे वाटणारे प्रत्येक छिद्र वेगळे मोजले.

मापनात एक फसवणूक होऊ शकते. उजेड फार तीव्र असला किंवा भिंग नीट साधले नसले, तर तारेच्या कडा उजेडात विरघळल्यासारख्या होतात. तार बारीक आणि छिद्र मोठे दिसते. ही चूक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक छिद्र व एक तार मिळून जे अंतर होते, ते उजेडाने बदलत नाही. ५०० मायक्रॉनच्या चाळणीस पसंतीची तार ३१५ मायक्रॉनची, म्हणजे दोहोंची बेरीज ८१५. लागोपाठ दहा छिद्रे व दहा तारा ८.१५ मिलिमीटरमध्ये बसल्या, आणि तरीही छिद्र मोठे व तार बारीक भरली, तर आधी दिवा मंद करून पुन्हा मोजावे. मग छिद्र लहान झाले, तर दोष उजेडाचा होता. न झाले, तर तार खरोखरच बारीक आहे.

आता पास-नापासाचा निर्णय. भारतात भारतीय मानक ४६० आणि अन्यत्र आंतरराष्ट्रीय मानक ३३१० या चाळण्यांस लागू आहेत. तारेच्या जाळीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ५०० मायक्रॉनच्या चाळणीत छिद्रांची सरासरी १८ मायक्रॉन इकडेतिकडे चालते. म्हणजे ती ४८२ ते ५१८ मध्ये असली पाहिजे, आणि हे दोन्ही दिशांनी वेगवेगळे पाळले पाहिजे. दुसरी अट अशी की, एकही छिद्र ५०० हून ८९ मायक्रॉनपेक्षा अधिक मोठे, म्हणजे ५८९ च्या वर असू नये. छिद्रांच्या मापांचा पसरही मर्यादेत असावा लागतो. एकट्या लहान छिद्रास मात्र तशी खालची मर्यादा नाही. कारण उघड आहे : लहान छिद्रातून जाऊ न शकलेला दाणा शेजारच्या छिद्रातून जातो, पण मोठ्या छिद्रातून खाली पडलेला दाणा परत वर येत नाही.

आमच्या चाळणीची सरासरी ताण्याकडून ५०६ व बाण्याकडून ५०३ आली, आणि सर्वांत मोठे छिद्र ५४८ चे निघाले. ती पास झाली. गिरणीच्या चाळणीचे छिद्र ताण्याकडून ४९७, परंतु बाण्याकडून ४७६ भरले. दोहोंची एकत्र सरासरी काढली असती तर ती ४८६ च्या वर येऊन चाळणी पास ठरली असती. परंतु दिशा निराळ्या धरावयाच्या असल्याने ४७६ हे ४८२ च्या खाली गेले, आणि चाळणी नापास झाली. तिच्यातून माल कमी का पडला, हेही कळले. जो दाणा ४९७ च्या बाजूने मावला असता, त्यास ४७६ ची बाजू अडवीत होती.

दलालांच्या चाळणीची गोष्ट निराळी. तिची सरासरी ४९९ व ५०१, म्हणजे तिघींत सर्वांत अचूक. पण जाळी नजरेखालून घालताना एका कडेजवळ बोटाच्या पेराएवढा भाग सैल आढळला. तेथील छिद्रे ५६० च्या पुढे, आणि सर्वांत मोठे ६१२ चे. ५८९ ची मर्यादा ओलांडल्याने ती चाळणीही नापास झाली. आठ इंची म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाच्या अशा चाळणीत सुमारे ४७ हजार छिद्रे असतात. त्यांतील काही थोड्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु दाणे हलत-हलत त्या जागी पोचतात, आणि जितका वेळ हलवावे तितके अधिक दाणे तेथून निसटतात. याची पारख दुकानातही करता येते. पाच मिनिटांनंतर आणखी पाच मिनिटे हलवावे. चांगल्या चाळणीतून नंतर फारसा माल पडत नाही. सैल चाळणीतून तो पडतच राहतो, आणि खाली पडलेल्या मालात जाडे दाणे डोळ्यांस दिसतात. असा सैलपणा बहुधा अडकलेले दाणे सुईने वा नखाने ढकलण्याने येतो. चाळणी उलटी करून चौकटीवर हलके ठोकावे व मऊ कुंचला फिरवावा, हेच योग्य.

येथे वाद मिटला असे वाटेल : पास झालेली चाळणी आमची, तिचा निकाल ११, सबब गाडी परत. परंतु प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, आणि ती आम्हांस मान्य करावी लागली. पास म्हणजे ४८२ ते ५१८ च्या दरम्यान, इतकाच अर्थ आहे. दोन्ही दिशांनी ४८६ असलेली चाळणीही पास झाली असती, आणि तिच्यातून हाच रवा ९ च्या आसपास पडला असता. ज्या मालातील बहुतेक दाणे ५०० च्या जवळपासचे असतात, त्याचा निकाल छिद्राच्या थोड्या फरकानेही हलतो. दाखला चाळणी वापरण्यास योग्य आहे असे सांगतो. दोन योग्य चाळण्या एकच निकाल देतील असे तो सांगत नाही. शिवाय तो मोजल्या दिवसाचा असतो. पुढे जाळी झिजते, सैल होते, तेव्हा मुदतीने पुन्हा मोजून घ्यावे लागते.

म्हणून १० ची मर्यादा आणि ११ चा निकाल यांवर गाडी परत करणे आम्हांस न्यायाचे वाटले नाही. भावात थोडी सूट घेऊन माल उतरवून घेतला. नंतरचा करार मात्र बदलला. आता दोन्ही पक्ष मोजलेली चाळणीच वापरतात आणि दाखल्यावरील दोन्ही दिशांची सरासरी करारात लिहितात. वर्षारंभी एकच नमुना दोन्ही चाळण्यांतून घालून त्यांच्यातील नेहमीचा फरक नोंदवून ठेवतात. मर्यादेच्या शेकडा एक वरपर्यंतच्या निकालावर माल परत करावयाचा नाही, असे कलमही घातले आहे. नापास झालेल्या दोन्ही चाळण्यांवर तांबडा रंग लावला असून, त्या आता साध्या चाळण्याच्या कामी येतात. सौद्याच्या कामी नाहीत.